स्क्रिप्टचे बदल, क्लायंटच्या फेऱ्या आणि "फायनल नक्की कुठलं?" – तुम्ही नोंद कशी ठेवता?

खडू_फळा · सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी माहितीपर आणि ट्रेनिंगच्या फिल्म लिहिते, बहुतेक शेती आणि आरोग्यावरच्या. गेल्या महिन्यात एका कामात मोठा घोळ झाला, तो सविस्तर सांगते, कारण मला "फाईलला नीट नाव देत जा" याच्या पुढचं काहीतरी हवंय.

काम होतं ७ मिनिटांची फिल्म, कीटकनाशक फवारताना काय काळजी घ्यायची यावर, एका औषध कंपनीच्या शेतकरी मेळाव्यांत दाखवायला. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन माणसं गेली ते सगळ्यांना आठवत असेल, त्यामुळे हे काम मी फार मनापासून घेतलं होतं. क्लायंटकडून तीन जण बोलायचे. मार्केटिंगच्या मॅडम व्हॉइस मेसेज पाठवायच्या, कृषीतज्ज्ञ साहेब प्रिंटवर पेनाने लिहून त्याचा फोटो पाठवायचे, आणि लीगलवाले सगळ्यात शेवटी मेल करायचे.

ड्राफ्ट ३ मध्ये एक वाक्य होतं, "एका पंपाला लागणारं औषध मापाच्या भांड्यानंच मोजा." कृषीतज्ज्ञांनी त्यावर लिहिलं की पंप किती लिटरचा हे माहीत नसताना माप सांगण्यात अर्थ नाही. मी ड्राफ्ट ४ मध्ये बदललं, "आधी आपल्या पंपात किती लिटर पाणी मावतं ते बघा, मग त्या पाण्याला लागणारं औषध मापाच्या भांड्यानं मोजा." सगळे हो म्हणाले. पण ग्रुपवर `favarni_final.pdf` आणि `favarni_final_new.pdf` अशा दोन फाईली फिरत होत्या, प्रॉडक्शनच्या मुलाने पहिली स्टुडिओत पाठवली आणि आवाज ड्राफ्ट ३ चा रेकॉर्ड झाला. एडिट बघताना कृषीतज्ज्ञांच्या लक्षात आलं. मग पॅच घ्यायला गेलो तर कलाकाराचा आवाज त्या दिवशी बसलेला, एक वाक्य जोडलं की कानाला लगेच वेगळं लागत होतं, शेवटी दोन मिनिटांचा अख्खा भाग परत करावा लागला आणि त्याचे अर्धे पैसे माझ्या बिलातून गेले.

दुसरी गोष्ट याहून वाईट. डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी लालपासून लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या हिरव्यापासून सुरू करा, सुरुवातीलाच घाबरवायला नको. बदललं. साहेब म्हणाले लाल आधी. परत बदललं. आणि ड्राफ्ट ४ मध्ये संवादात लाल आधी होतं पण स्क्रीनवर येणाऱ्या अक्षरांत हिरवा आधी राहिला. तिघांनी वाचलं, मी वाचलं, कुणाच्याच नजरेत आलं नाही.

तर प्रश्न असा की तुम्ही बदलांची नोंद कशी ठेवता, आणि क्लायंटचा "हो" नक्की कुठे आणि कसा घेता?

ढगफुटी · सोमवार, रात्री १०:५१

ताई, पीडीएफ पाठवणं बंद करा, निम्मा त्रास तिथेच संपेल. गूगल डॉक्सवर एकच लिंक ठेवायची, सगळ्यांना सजेस्टिंग मोडमध्ये ॲक्सेस द्यायचा, आणि प्रत्येक फेरी संपली की File > Version history > Name current version मध्ये जाऊन नाव द्यायचं. कोणी काय कधी बदललं सगळं आपोआप राहतं. वेगळा लॉग ठेवायचा म्हणजे डबल काम, आणि खरं सांगतो, दोन आठवड्यांनी तो कोणी भरत नाही.

पलीकडचा_माणूस · सोमवार, रात्री ११:१५

मी क्लायंटच्या बाजूला बसतो, मार्केटिंगमध्ये, म्हणून थोडं आमच्या बाजूचं. आमच्या लीगलच्या माणसाला बाहेरची लिंक ऑफिसच्या मशीनवर उघडतच नाही, तो वर्ड फाईल मागतो आणि त्यावरच लिहून देतो. मोठे साहेब तर प्रिंटच वाचतात. म्हणजे एक लिंक हे आमच्याकडे तरी होणार नाही.

आणि एक गोष्ट लेखकांना कोणी सांगत नाही. मी "छान झालंय" लिहितो तेव्हा त्याचा अर्थ मी वाचलं आणि मला आवडलं एवढाच असतो. मंजुरी देणं माझ्या हातातच नसतं बऱ्याचदा, ती माझ्या साहेबांची असते. समोरचा लेखक मात्र त्याला होकार समजून पुढे जातो. यात कोणाची लबाडी नसते हो, फक्त मंजुरी कोण देणार हे पहिल्या दिवशी कोणी विचारलेलंच नसतं.

तिसरी_घंटा · मंगळवार, सकाळी ७:०५

आमच्या नाटकात हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटतो. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची, प्रमाणपत्र येतं, आणि मंडळाकडे जी प्रत गेली तीच अधिकृत. तालमीत नट वाक्यं बदलतात, दिग्दर्शक एखादा प्रवेश पुढेमागे करतो, पण वाद झाला की ती प्रत काढायची. आम्ही सांगलीत एकांकिका करायचो तेव्हा प्रॉम्प्टरच्या हातात तीच प्रत असायची आणि त्यात तालमीतले बदल लाल पेनाने, तारखेसकट. त्यामुळे मला वाटतं तुम्हीही संहितेची नोंदणी करून टाका, म्हणजे फायनल कुठली यावर प्रश्नच येणार नाही.

लॉगशीट · मंगळवार, दुपारी १:३०

खडू_फळा, तुझं वाचून वाईट वाटलं, पंपाचं वाक्य चुकीचं जाणं ही साधी चूक नाही. मी १४ वर्षं मालिका आणि फिल्मच्या सेटवर कंटिन्यूइटी बघितली आणि आता सहा वर्षं ट्रेनिंग फिल्म लिहिते, तर जरा सविस्तर लिहिते.

आधी तिसरी_घंटा काका, नोंदणीने लेखक कोण हे सिद्ध होतं, पण क्लायंटने कुठल्या ड्राफ्टला हो म्हटलं हे त्यातून कळत नाही. मात्र तुमची प्रॉम्प्टरची प्रत मला एकदम पटली. अधिकृत प्रत एकच, ती एका माणसाच्या ताब्यात, आणि बदल त्यावर तारखेने. हीच गोष्ट इथे पाहिजे.

ढगफुटी म्हणतोय ते अर्धं बरोबर आहे. व्हर्जन हिस्टरी काय बदललं ते दाखवते. कोणी सांगितलं, कशासाठी, आणि त्याच्या विरुद्ध दुसरं कोणी काय म्हणालं होतं हे ती दाखवत नाही, कारण डॉक्समध्ये टाईप करणारी तूच असतेस. मॅडमचा व्हॉइस मेसेज ऐकून तू हिरवा वर नेलास, तर हिस्टरीत नाव तुझं येणार. आणि जे तू नाही बदललंस ते तर तिथे कुठेच नसतं. लॉग खरा लागतो तो यासाठी.

माझा लॉग म्हणजे साधी शीट आहे. एका ओळीत एकच सूचना. दृश्य नंबर, सूचना कोणाची, कुठून आली (कॉल, व्हॉइस मेसेज, मेल), सूचना त्यांच्याच शब्दांत, काय ठरलं, आणि कुठल्या ड्राफ्टमध्ये गेलं. "काय ठरलं" मध्ये मी तीनच शब्द वापरते: घेतलं, नाही घेतलं, विचारलंय. नाही घेतलं तर कारण लिहायचंच. आणि एकाही ओळीला "विचारलंय" असेल तर पुढचा ड्राफ्ट बाहेर जात नाही, हा माझा नियम आहे. तुझ्या त्रिकोणाच्या ओळीपुढे "विचारलंय, मॅडम आणि साहेब वेगळं म्हणतायत" असं लिहिलं असतंस तर तू दोनदा बदलायच्या ऐवजी दोघांना एका मेलमध्ये घेऊन एकदाच विचारलं असतंस. दोन माणसांतला मतभेद लेखकाने ड्राफ्टमध्ये सोडवायचा नसतो, तो त्यांच्याकडे परत पाठवायचा.

ड्राफ्टचा नंबर. घरातून बाहेर पडला की नंबर वाढतो, घरात कितीही वेळा बदला नंबर तोच. बाहेर गेलेल्या नंबरात नंतर एक स्वल्पविरामसुद्धा बदलायचा नाही, बदलला तर पुढचा नंबर. आणि "फायनल" हा शब्द फाईलच्या नावात कधीच नको, कारण तो पाठवणाऱ्याची इच्छा सांगतो, फाईलबद्दल काहीच सांगत नाही. मी `favarni_d04_1208.pdf` असं लिहिते, ड्राफ्ट आणि तारीख, आणि तेच प्रत्येक पानाच्या तळाला, कारण प्रिंट काढली की फाईलचं नाव दिसत नाही.

आता मंजुरी. मंजुरी तिथे घ्यायची जिथून पुढे बदल करणं महाग होतं. तुझ्यासारख्या फिल्ममध्ये अशा तीन जागा येतात. पहिली, संवाद लिहायच्या आधी, नुसत्या दृश्यक्रमावर, म्हणजे कुठल्या दृश्यात काय दाखवणार एवढंच, दोन पानं. दुसरी, मजकुरावर, म्हणजे त्यात सांगितलेली माहिती बरोबर आहे का, हे कृषीतज्ज्ञ आणि लीगलने सांगायचं. तिसरी, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी, शब्दांवर. प्रत्येक ठिकाणी प्रश्न वेगळा विचारायचा. पहिल्या फेरीत कोणी शब्दावर बोललं तर मी ते लॉगमध्ये घेते पण सांगते की हे तिसऱ्या फेरीत बघू. आणि लीगल शेवटी ठेवायचं नाही, दुसऱ्या फेरीतच आणायचं. माझ्या एका फिल्ममध्ये "सुरक्षित औषध" हा शब्द लीगलने रेकॉर्डिंगनंतर काढायला लावला, आणि तो तीन वाक्यांत होता.

मंजुरीचं वाक्य मीच लिहून पाठवते, त्यांनी फक्त उत्तर द्यायचं. "फवारणी फिल्म, ड्राफ्ट ४, १२ ऑगस्ट, ११ पानं, हा ड्राफ्ट रेकॉर्डिंगसाठी मंजूर आहे." ड्राफ्ट नंबर, पानं आणि कशासाठी मंजूर, हे तिन्ही पाहिजेत. नुसतं "ओके" आलं तर मी परत विचारते, वाईटपणा येतो थोडा, चालतो.

वऱ्हाडी_वारा · मंगळवार, दुपारी ३:४०

मी स्क्रिप्टवाला नाही, शेती करतो, अकोल्याकडची. पण त्या पंपाच्या वाक्यावर बोलतोच. आमच्या इकडे कोणाचा पंप १५ लिटरचा, कोणाचा १६ चा, कोणाचा २० चा, बॅटरीवाले आले तेव्हापासून तर वेगवेगळेच. आणि मजूर शेजारच्याचा पंप घेऊन येतो. त्याले "एका पंपाला एवढं" सांगतलं की तो त्याच्या सवयीच्या पंपाचाच हिशोब लावते. म्हणून त्या साहेबांचं म्हणणं सोळा आणे खरं हाय. असं बदललेलं वाक्य मागे राहते हे ऐकून जिवाले लागलं. तुमच्या लॉगमध्ये "हे वाक्य चुकलं तर माणसाले इजा होते" असा काही खाना हाय का? नसेल तर करा.

लॉगशीट · मंगळवार, दुपारी ४:१०

दादा, नाहीये, आणि आजपासून असणार. असल्या ओळींना मी लाल रंग देईन आणि त्या मंजुरीच्या मेलमध्ये अख्ख्या उतरवून काढेन, म्हणजे सही करणाऱ्याला ते वाक्य वाचावंच लागेल. ११ पानांत तो चाळून जातो, मेलमधली चार वाक्यं वाचतो.

खडू_फळा · मंगळवार, रात्री ९:०२

लॉगशीट ताई, वऱ्हाडी दादा, मनापासून आभार. दोन शंका.

एक, क्लायंट उत्तरच देत नाही तेव्हा काय करता? मला कोणीतरी सांगितलं होतं की करारातच लिहायचं, पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजूर धरू.

दोन, "फेरी" म्हणजे नक्की काय? माझ्या कोटेशनमध्ये दोन फेऱ्या लिहिल्या होत्या, पण मॅडमनी सोमवारी सांगितलं, साहेबांनी गुरुवारी, लीगलने पुढच्या बुधवारी. ही एक फेरी की तीन? मी एक धरली आणि तीनदा बसून बदल केले.

पलीकडचा_माणूस · मंगळवार, रात्री ९:३८

पाच दिवसांचं कलम आमच्याकडे येतं बऱ्याच जणांचं. तारखा पाळायला त्याचा उपयोग होतो, साहेबांना मी दाखवू शकतो की बघा सर, शुक्रवारपर्यंत नाही दिलं तर ते पुढे जातील. पण आमचा माणूस खरंच दौऱ्यावर असेल आणि तुम्ही त्या कलमावर रेकॉर्डिंग करून टाकलंत, तर कागदावर तुम्ही बरोबर आणि पुढचं काम मात्र दुसऱ्याला जाणार. हे मी धमकी म्हणून नाही सांगत, असं होतं ते सांगतोय.

लॉगशीट · मंगळवार, रात्री १०:१५

मी ते कलम दृश्यक्रमाला आणि शब्दांना लावते. माहितीला कधीच लावत नाही. मापाबद्दल, विषबाधेवर पहिले काय करायचं याबद्दल कोणी गप्प राहिलं म्हणून ते बरोबर ठरत नाही, तिथे लेखी हो आल्याशिवाय मी थांबते आणि रेकॉर्डिंगची तारीख पुढे जाईल असं त्याच दिवशी कळवते. प्रॉडक्शन चिडतं. तरी थांबते.

फेरीबद्दल. फेरी म्हणजे त्यांच्या बाजूच्या सगळ्यांच्या सूचना एकत्र करून एका माणसाकडून आलेला एक मेल. तो मेल येईपर्यंत फेरी सुरूच झालेली नसते. सोमवारी मॅडमचं आलं तर मी लॉगमध्ये भरते, "मिळालं, बाकी दोघांचं आलं की एकत्र बघते" असं उत्तर देते आणि स्क्रिप्ट उघडतसुद्धा नाही. हे जमायला हवं. हात शिवशिवतात, वाटतं एवढंसं तर आहे करून टाकू, आणि तिथेच तुझं लाल-हिरवं झालं.

ढगफुटी · मंगळवार, रात्री १०:४०

ओके, कोणी सांगितलं आणि काय नाकारलं हे हिस्टरीत नसतं, हे मान्य. पण डॉक्स पूर्ण सोडू नका. मी आता असं करेन की लॉगमधला ड्राफ्ट नंबर आणि डॉक्समधलं व्हर्जनचं नाव एकच ठेवेन, D04 म्हणजे D04. आणि वर्डमध्ये परत आलेली फाईल डॉक्समध्ये उघडून Tools > Compare documents केलं की त्यांनी न सांगता काय बदललंय ते दिसतं. एकदा एका क्लायंटने ट्रॅक चेंजेस बंद करून चार वाक्यं बदलली होती, मुद्दाम नाही, त्यांना माहीतच नव्हतं ते चालू ठेवायचं असतं. कम्पेअर केलं नसतं तर मला कळलंच नसतं.

माईकमागे · बुधवार, सकाळी ११:२०

आवाज देणारी माणसं पण वाचतायत हा धागा :) आमच्या हातात काय येतं ते सांगते. बहुतेक वेळा सकाळी व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ, स्टुडिओतल्या माणसाने काढलेली प्रिंट, आणि इंजिनिअरच्या टॅबवर तिसरंच काहीतरी. एका डबिंगला माझ्या प्रिंटवर १४ दृश्यं होती आणि इंजिनिअरकडे १५.

तेव्हापासून मी रेकॉर्डिंग सुरू करताना माईकवर बोलते, "ड्राफ्ट ४, १२ ऑगस्ट, ११ पानं, शेवटचं वाक्य अमुक." इंजिनिअर त्याच्या प्रतीशी जुळवतो, समोर क्लायंटचं माणूस असेल तर त्यांच्याशीही. अर्धं मिनिट जातं. आणि ते ऑडिओ फाईलमध्ये कायमचं राहतं, नंतर कोणी म्हणालं की तुम्हीच जुनं वाचलंत तर ऐकवता येतं. शेवटचं वाक्य यासाठी की नंबर बदलायला लोक विसरतात, पण पानं वाढली की शेवट सरकतो.

अजून एक विनंती लेखकांना, रेकॉर्डिंगच्या दिवशी बदल करायचाच झाला तर दृश्यांचे नंबर परत घालू नका. मध्ये नवीन आलं तर १२अ करा, एखादं काढलं तर नंबर ठेवून पुढे "वगळलं" लिहा. सगळे नंबर सरकले की माझ्या प्रिंटवरच्या खुणा, इंजिनिअरच्या फाईलींची नावं, सगळं चुकतं.

लॉगशीट · बुधवार, सकाळी ११:५०

माईकमागे, हे शंभर टक्के. शूटिंगमध्येही हेच. हॉलिवूडमध्ये तर एकदा स्क्रिप्ट लॉक झाली की बदललेली पानंच रंगीत कागदावर वाटतात, पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी, मग पिवळी, आणि बदललेल्या ओळीशेजारी मार्जिनमध्ये चांदणी. इतकं सगळं ७ मिनिटांच्या फिल्मला नको, पण चांदणी मी वापरते. क्लायंटला ११ पानं परत वाचायला लावण्यापेक्षा "चांदण्या असलेल्या ६ ओळी बघा" सांगितलं तर ते खरंच बघतात.

खडू_फळा · बुधवार, रात्री ११:३०

आज बसून त्या जुन्या कामाचा लॉग मागून तयार केला, व्हॉइस मेसेज परत ऐकले, फोटो शोधले. ३१ सूचना निघाल्या. सगळ्या नाही टाकत, ज्यांनी डोळे उघडले त्या टाकते.

```
#7  दृ.4 त्रिकोण | मार्केटिंग, व्हॉइस मेसेज
    "हिरव्यापासून सुरू करा" | घेतलं | D02
#12 दृ.4 त्रिकोण | कृषीतज्ज्ञ, प्रिंटचा फोटो
    "लाल आधी" | घेतलं | D03
#19 दृ.6 पंप | कृषीतज्ज्ञ, प्रिंटचा फोटो
    "पंप किती लिटरचा?" | घेतलं | D04
#26 दृ.9 | लीगल, मेल
    "डॉक्टरांना डबा दाखवा हे घाला" | घेतलं | D04
```

७ आणि १२ एकाखाली एक बघितल्यावर लक्षात आलं की हा मतभेद मी माझ्या डोक्यात मिटवला, मॅडमना कोणी सांगितलंच नाही की साहेबांनी उलटं म्हटलंय. त्यांना एडिटमध्ये लाल दिसलं तेव्हा त्या रागावल्या, आणि आता मला त्यांचा राग समजतो.

२६ बद्दल. विषबाधेचं दृश्य आहे, औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्यायचं म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेलंय ते कळतं. इतकी महत्त्वाची गोष्ट माझ्या पहिल्या तीन ड्राफ्टमध्ये नव्हतीच, आणि ती आली लीगलकडून, शेवटच्या फेरीत. लीगलला आधी आणायचं हे त्यामुळे मला दुप्पट पटलं, कारण लीगल फक्त शब्द काढतं अशी माझी समजूत होती.

अजून एक गोष्ट केली, प्रत्येक ड्राफ्टचे शब्द मोजले. पहिला ६९०, दुसरा ७७०, तिसरा ८४०, चौथा ९०५. असल्या फिल्मला मी मिनिटाला १०० शब्द धरते, मध्ये कृती दाखवायला जागा लागते म्हणून. म्हणजे ७ मिनिटांची फिल्म कागदावरच ९ मिनिटांची झाली होती आणि मला कळलं ते रेकॉर्डिंगला, तेव्हा कलाकाराला भरभर वाचायला लावलं. मातृभाषेतसुद्धा इतकं भरभर ऐकून मेळाव्यात मागे बसलेल्या माणसाला काय कळणार. आता लॉगच्या वर प्रत्येक ड्राफ्टचे शब्द लिहिणार आणि ७५० च्या वर गेलं की त्याच मेलमध्ये विचारणार की हे घालायचं तर काय काढू.

पलीकडचा_माणूस · गुरुवार, सकाळी ९:४५

शब्दांचा आकडा आम्हाला जरूर पाठवा. "काय काढू" हा प्रश्न आला की आमच्याकडे आपोआप एकत्र बसून बोलणं होतं, नाहीतर प्रत्येकजण आपापली ओळ घालून मोकळा होतो. आणि शक्य असेल तर तिसऱ्या फेरीला फोनवर रेकॉर्ड केलेलं कच्चं वाचन पाठवा, स्वतःच्या आवाजात चालेल. आमचे साहेब कागद वाचत नाहीत पण गाडीत ऐकतात.

पैशांचं मात्र मला सांगा कोणीतरी. तिसरी फेरी ओलांडली की जादा पैसे, हे तुम्ही लावता का? आमच्याकडे खरेदी विभाग ते कलम सरळ खोडतो.

माईकमागे · गुरुवार, सकाळी १०:३०

आवाजाला लावतो आम्ही. आमची चूक असेल तर पॅच फुकट, स्क्रिप्ट बदलली असेल तर नवीन सेशन. पण चूक कोणाची हे ठरवायला परत ड्राफ्ट नंबरच लागतो.

लॉगशीट · गुरुवार, दुपारी १२:०५

लेखनाला मी फेरीवर नाही लावत, मंजूर झालेली गोष्ट उघडली तर लावते. दृश्यक्रम मंजूर झाल्यावर नवीन दृश्य मागितलं तर पैसे, मग ती पहिली फेरी असो की चौथी. खरेदी विभागाला हे जास्त पचतं असा माझा अनुभव, पण सगळीकडे पचेल असं नाही म्हणणार, मलाही दोनदा सोडावे लागलेत.

ढगफुटी · गुरुवार, दुपारी १२:४०

मला हे पटत नाही. छोट्या क्लायंटला तीन तीन मंजुऱ्या मागितल्या की ते म्हणतात एवढ्याशा कामाला एवढा कागद कशाला. एक मिनिटाच्या रीलला मी एकच मंजुरी घेणार, शब्दांवर.

लॉगशीट · गुरुवार, दुपारी १२:५५

रीलला एक पुरे, हो. रेकॉर्डिंगच्या आधीची तेवढी ठेव.

खडू_फळा, तुझ्या लॉगमध्ये एक गोष्ट दिसली. १२ समोर "घेतलं, D03" लिहिलंयस. पण तू वर सांगितलंस की स्क्रीनवरच्या अक्षरांत हिरवा आधीच राहिला. म्हणजे ती सूचना पूर्ण घेतलेली नाही, आणि लॉग मात्र घेतलं म्हणतोय. एक सूचना जितक्या ठिकाणी लागू होते तितक्या ओळी कर.

खडू_फळा · गुरुवार, दुपारी १:२०

बरोबर आहे. १२अ संवाद, १२आ स्क्रीनवरची अक्षरं, असं केलं. आणि मग तसंच १९ तपासलं, पंपाचं. संवादात बदललंय, पण दृश्य ११ मध्ये शेवटी उजळणीचे जे मुद्दे येतात त्यात अजून "एका पंपाला" आहे. फिल्म अजून मेळाव्यांत गेलेली नाही, पुढच्या आठवड्यात जाणार आहे. एडिटरला फोन लावतेय.

वऱ्हाडी_वारा · गुरुवार, दुपारी १:२६

लावा ताई, आधी फोन लावा.

खडू_फळा · गुरुवार, संध्याकाळी ६:५०

झालं. तिथे आवाज नव्हता, नुसती अक्षरं होती, त्यामुळे एडिटरने तासाभरात बदलली. "आपल्या पंपात मावणाऱ्या पाण्याला लागेल तेवढंच औषध" असं केलंय, कृषीतज्ज्ञांना ते एक वाक्य आणि स्क्रीनचा फोटो मेल केला, त्यांचं लेखी "मंजूर" आलं. लॉगमध्ये १९आ, ड्राफ्ट ५.